पेव एकदाच उघडायचं : हळदीच्या भावांवर नियम तपासताना राखीव काळ कसा राखावा

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती. तोंड नीट बंद केलं की आत हवा खेळायची नाही, कीड लागायची नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकायचा. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्याखाली गेली. माझी आत्या हरिपुरातच राहते. तिच्या आठवणीत एक गोष्ट पक्की आहे: पेव उघडायचं ते माल काढायला, नुसतं बघायला नाही. तोंड उघडलं, डोकावलं, परत लिंपलं, असं दोनचार वेळा केलं की आत हवा आणि ओल शिरणारच, मग ते पेव असून नसल्यासारखंच.

भावांच्या जुन्या आकड्यांवर खरेदीविक्रीचा नियम तपासणाऱ्याकडेही असं एक पेव असतं. हाताशी असलेल्या काळाचे दोन भाग करायचे. एका भागावर नियम घडवायचा, त्याला इन-सॅम्पल म्हणतात, मी इथे शिकण्याचा काळ म्हणेन. दुसरा भाग झाकून ठेवायचा आणि नियम पूर्ण झाल्यावर त्याच्यावर एकदाच चालवून बघायचा, तो आउट-ऑफ-सॅम्पल म्हणजे राखीव काळ. भाग करायला दोन मिनिटं लागतात, तो झाकलेला ठेवणं अवघड. मी तो चौदा वेळा उघडला होता. कसा, ते पुढे येईलच, आधी कामाची रीत सांगतो.

आधी कागद, मग आकडे

माझा नियम साधा होता. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातल्या हळदीच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात माल देण्याघेण्याच्या कराराचा, बंद भाव मागच्या काही दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं, आणि काहीही झालं तरी वीस दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सरासरी किती दिवसांची हे ठरवायचं होतं: दहा, वीस, तीस असं शंभरपर्यंत. सोबत तोटा कुठे कापायचा याचे तीन पर्याय. म्हणजे एकूण तीस जोड्या.

आकड्यांची फाइल उघडण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. नियम काय आहे, त्यातलं काय काय बदलायची मुभा आहे, आणि दर सौद्याला खर्च किती धरणार. खर्च आधी लिहायचं कारण असं की निकाल जेमतेम आला की माणूस पहिली काटछाट खर्चातच करतो. दूरच्या महिन्याच्या हळदीच्या करारात उलाढाल पातळ असते, पडद्यावर दिसतो त्या भावाला माल मिळत नाही. हा फरक दलालीपेक्षा मोठा असू शकतो, तोही खर्चात धरा.

रेघ कुठे मारायची

पहिलं म्हणजे, भाग काळाने करायचे, चिठ्ठ्या टाकून नाही. ग्राहकांच्या यादीतून कुठलेही वीस टक्के बाजूला काढले तर चालतं, भावांच्या मालिकेत चालत नाही. मंगळवार शिकण्यात गेला आणि बुधवार राखीवमध्ये, तर दोन्ही दिवसांची तीस दिवसांची सरासरी जवळजवळ सारखीच असते, आणि पुढच्या वीस दिवसांचा निकालही. नियमाला बुधवारचं उत्तर मंगळवारीच कळलेलं असतं. म्हणून आधीचा काळ शिकायला आणि नंतरचा राखीव, मध्ये एकच रेघ.

माझ्याकडे २०१० ते २०२२ अशी तेरा वर्षांची रोजची मालिका होती. रेघ मारली ३१ डिसेंबर २०१९ ला. दहा वर्षं शिकायला, तीन वर्षं राखीव. तारीख गोल दिसते म्हणून ती निवडली नव्हती. आपल्याकडे नव्या हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते आणि उन्हाळ्यात जोर धरते. डिसेंबरअखेर रेघ मारली की एका पिकाचा हिशेब संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. मार्चमध्ये मारली असती तर एकाच आवकेचा चढउतार अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडला असता.

राखीव काळ किती लांब हवा? इथे बहुतेक जण दिवस मोजतात. वर्षाचे साधारण अडीचशे कामाचे दिवस धरले तर तीन वर्षांच्या साडेसातशे ओळी होतात, भरपूर वाटतात. पण हळदीचा भाव पिकावर हलतो आणि साडेसातशे ओळींत पिकं मात्र तीनच. त्यातलं एक साल लॉकडाऊनचं, ज्यात मार्चअखेर सांगलीचा मार्केट यार्डच बंद पडला. म्हणजे राखीव काळ कितीही भरगच्च दिसला तरी त्यातून मिळणारी साक्ष तुटपुंजीच आहे, हे सुरुवातीलाच धरून चाला. शिकण्याच्या काळात चढ, पडझड आणि मरगळ तिन्ही यायला हवेत. माझ्या दहा वर्षांत २०१० ची तेजी होती, नंतरची २०११-१२ ची घसरगुंडी होती आणि मधली कंटाळवाणी वर्षंही.

आता रेघेच्या काठावरची गळती. नियम वीस दिवसांपर्यंत माल धरतो. २० डिसेंबरला घेतलेला सौदा जानेवारीत बंद होईल, म्हणजे त्याचा नफातोटा राखीव काळातल्या भावांवर ठरेल. असा सौदा शिकण्यात धरला तर राखीव काळाचा एक तुकडा आधीच चाखला. मी डिसेंबर २०१९ मध्ये उघडलेले सगळे सौदे शिकण्यातून वगळले. उलट बाजूला मात्र लोक उगीच घाबरतात. राखीव काळाच्या पहिल्या दिवशी तीस दिवसांची सरासरी काढायला डिसेंबरचे भाव लागतात, ते बिनधास्त वापरा. मागचं माहीत असणं ही चोरी नाही, त्या दिवशी बाजारातल्या कुणालाही ते माहीत होतंच.

दुसरी गळती जास्त लपलेली असते. वायद्याचा एक करार संपतो, दुसरा सुरू होतो आणि दोघांच्या भावात फरक असतो. मालिका सलग दिसावी म्हणून बरेच जण तो फरक मागच्या सगळ्या भावांत मिळवतात किंवा वजा करतात. दर बदलाला हे झालं की २०१२ च्या भावात २०२२ पर्यंतच्या सगळ्या फरकांची बेरीज शिरलेली असते. सरासरीच्या वर की खाली एवढंच विचारणाऱ्या नियमाला याने बाधा येत नाही, कारण भाव आणि सरासरी दोन्ही सारखेच सरकतात. (तोटा टक्क्यांत कापत असाल तर येते, म्हणून मी रुपयांत कापत होतो.) पण ‘भाव सहा हजारांच्या खाली असेल तर घ्या’ असा नियम असेल, तर ते सहा हजार भविष्याने रंगवलेले असतात. उपाय सोपा आहे: शिकण्याच्या काळाची मालिका फक्त २०१९ पर्यंतच्या करारांपासून वेगळी जोडा. तेच तत्त्व प्रत्येक सरासरी आणि प्रमाणीकरणाला लागू. जे काही मोजून ठरवायचं ते रेघेच्या अलीकडच्या आकड्यांवरूनच.

कुलूप खरंच लावा

राखीव फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून ‘मी बघणार नाही’ म्हणणं म्हणजे उपासाच्या दिवशी भडंग समोर ठेवून बसण्यासारखं आहे. आपल्या सांगलीत तर हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. फाइलचे दोन तुकडे करा आणि दुसरा तुकडा स्वतःच्या हातातून काढून टाका.

```python
import pandas as pd
SEEMA = pd.Timestamp("2019-12-31")
df = pd.read_csv("halad.csv", parse_dates=["date"])
df = df.sort_values("date")
df[df["date"] <= SEEMA].to_csv("halad_shik.csv", index=False)
df[df["date"] > SEEMA].to_csv("halad_rakhiv.csv", index=False)
```

(यातली `halad.csv` ही करार न जोडलेली, कच्च्या भावांची फाइल समजा, जोडणी तुकडे झाल्यावर.) मग राखीव फाइलचा ठसा काढून ठेवा:

```
sha256sum halad_rakhiv.csv
```

हा लांबलचक आकडा वहीत किंवा ईमेलमध्ये ठेवायचा. फाइलमधला एक अंक जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे मधल्या काळात कुणी आकडे ‘दुरुस्त’ केले की नाही हे कळतं. फाइल पेन ड्राइव्हवर घालून ती दुसऱ्याकडे द्या आणि आपल्या संगणकावरून राखीव तुकडा आणि मूळ फाइल दोन्ही पुसा. माझ्या बाबतीत ती आता आत्याच्या कपाटात असते. आत्या बँकेत कॅशियर होती. सही आणि तारखेशिवाय ती मला स्वतःचा चहाचा कपसुद्धा देत नाही. पहिल्या वेळी मात्र मी ड्राइव्ह माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला होता.

एक राखीव माल कुलपात जातच नाही, तो म्हणजे आपल्या डोक्यातला. २०२० साली बाजार कसा हलला हे ज्याने पाहिलं आहे, तो नियम रचताना नकळत त्याला सोयीचाच रचतो. आज कुणी हळदीत फक्त खरेदीचाच नियम लिहायला बसला तर त्याच्या मनात २०२३ ची तेजी असणारच, कारण त्या वर्षी वसंतापासून ऑगस्टपर्यंत वायदा दुपटीहून वर गेला आणि यार्डात दुसरा विषय नव्हता. अशा माणसाने २०२३ राखीव धरलं तर ते पेव आधीच उघडलेलं आहे. याला पूर्ण इलाज नाही. निदान नियम तेजी-मंदी दोन्ही बाजूंचा ठेवा, आणि निकालाची तुलना शून्याशी न करता ‘नुसता माल धरून बसलो असतो तर’ याच्याशी करा.

शिकण्याच्या काळातलं काम

इथे काय वाटेल ते करायची मोकळीक आहे, पण मोजून. तीसच्या तीस जोड्या दहाही वर्षांवर चालवून सगळ्यात चांगली उचलणं हा आळशी मार्ग झाला. त्यापेक्षा आतल्या आत पावलं टाका: २०१० ते २०१४ वर शिका, २०१५ वर बघा, मग २०१० ते २०१५ वर शिका, २०१६ वर बघा, असं २०१९ पर्यंत. पाच पावलं होतात. प्रत्येक पावलाला वेगळीच जोडी जिंकत असेल, एकदा वीस दिवसांची सरासरी, एकदा नव्वदची, तर नियमात दम नाही. शेजारच्या जोड्याही बघा. चाळीस दिवसांना उत्तम निकाल आणि तीस-पन्नासला तोटा, असं असेल तर चाळीस हा योगायोग आहे. माझ्याकडे तीस ते साठपर्यंत सगळं साधारण सारखंच चालत होतं, म्हणून मी पन्नास घेतले. सगळ्यात मोठा आकडा चाळीसचा होता, तरी.

उघडण्याआधीचा दुसरा कागद

हा कागद बहुतेक जण लिहीत नाहीत आणि सगळी घसरण इथूनच सुरू होते. राखीव काळावर किती आकडा आला तर नियम पास, किती आला तर नापास, आणि नापास झाला तर पुढे काय करायचं हे आधी लिहायचं.

मोजमापासाठी शार्प रेशो घेऊ: वर्षाचा सरासरी नफा भागिले वर्षभरातला चढउतार. या आकड्यात नशिबाचा वाटा किती, याचा एक सोपा अंदाज आहे. नियमात काहीच कसब नसेल, म्हणजे खरा आकडा शून्य असेल, तरी मोजलेला आकडा शून्याच्या आजूबाजूला साधारण `1/sqrt(T)` एवढा भरकटतो, इथे T म्हणजे वर्षं. तीन वर्षांना तो ०.५८ येतो. दिवसांचे परतावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं यात धरलं आहे. हळदीत ते पूर्ण खरं नाही, म्हणून खरी अनिश्चितता यापेक्षा जास्तच समजा.

समजा पास होण्याची रेघ ०.५ ला मारली. कसब नसलेला नियमही नशिबाने ती रेघ ओलांडेल अशी शक्यता सुमारे १९ टक्के आहे. आणि खरोखर ०.७ चा नियम असेल तर तो ओलांडेल याची शक्यता सुमारे ६४ टक्केच. म्हणजे पाचातला जवळपास एक लबाड आत येतो आणि तिघांतला एक प्रामाणिक बाहेर राहतो. तीन वर्षांच्या राखीव काळाची कुवत एवढीच आहे. हा आकडा आधी माहीत असला की निकाल आल्यावर फार आनंदही होत नाही आणि रडूही येत नाही.

आणि मग डोकावणं

२०२३ च्या सुरुवातीला मी राखीव फाइल पहिल्यांदा उघडली. आकडा आला ०.१. नापास. खरं तर कागद तिथेच मिटायला हवा होता, पण दुसरा कागद मी लिहिलाच नव्हता.

माझा मेव्हणा यार्डात अडतीवर बसतो. त्याला निकाल दाखवला. तो म्हणाला, “दाजी, लॉकडाऊनचं साल कशाला धरलंय? त्या टायमाला सौदंच बंद हुतं. तेवढं काढून बघा की एकदा.”

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते धोक्याचं. मी मार्च ते मे २०२० काढून बघितलं, आकडा सुधारला. मग वाटलं, वीस दिवसांची मर्यादा जरा कमी आहे, पंचवीस करून बघू. मग तोटा कापायची जागा. मग एक खरीखुरी चूक सापडली, एका करारबदलाच्या दिवशी खर्च दोनदा वजा होत होता, ती दुरुस्त केली. मग पावसाळ्याचे महिने वगळले, कारण ‘त्या काळात बातम्यांवरच बाजार चालतो’. दर वेळी कारण होतं आणि दर वेळी ते पटण्यासारखं होतं. चौदाव्या वेळी आकडा ०.८ वर गेला आणि मी मेव्हण्याला फोन केला.

या चौदा वेळांचा हिशेब असा. एकदा बघितलं तर कसब नसलेला नियम ०.५ ओलांडण्याची शक्यता १९ टक्के होती. पाच वेगवेगळे नियम बघून त्यातला एक तरी ओलांडण्याची शक्यता ६६ टक्के होते. चौदा बघितले तर ९५ टक्के. फाइल तीच, रेघ तीच. पण परीक्षा आता अशी झाली की शंभर निकम्म्यांपैकी पंचाण्णव पास होतात.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. खाली वीस नियम आहेत, सगळे शुद्ध नशिबावरचे, तीन वर्षांचे. त्यातल्या सगळ्यात चांगल्याचा शार्प रेशो काढायचा आणि हे दोन हजार वेळा करून सरासरी घ्यायची.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
best = []
for _ in range(2000):
    r = rng.normal(0, 0.01, (20, 750))
    s = r.mean(axis=1) / r.std(axis=1) * np.sqrt(250)
    best.append(s.max())
print(np.mean(best))
```

उत्तर १.०८ च्या जवळपास येतं. वीसच्या जागी दहा घाला, ०.८९ च्या आसपास येईल. पन्नास घातले तर १.३. हवेतून काढलेले आकडे आहेत हे, पण कुणाच्याही सादरीकरणात शोभतील असे. माझ्या चौदा आवृत्त्या मात्र एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या, त्यामुळे पूर्ण स्वतंत्र चौदा धरता येत नाहीत. चौदा स्वतंत्र नियमांना नशीब सरासरी ०.९८ देतं, बहिणींना त्याहून कमी. माझे ०.८ त्या हिशेबात अगदी चपखल बसतात.

यात आणखी एक खोच आहे, जी मला उशिरा कळली. मी चौदा नियम आधी ठरवून ते तपासत नव्हतो. प्रत्येक पाऊल आधीच्या उत्तरावरून टाकत होतो. सुधारलं तर या दिशेने पुढे, बिघडलं तर त्या दिशेला वळा. प्रत्येक वेळी राखीव फाइल मला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत होती. चौदा हो-नाहींच्या वाटा मोजल्या तर १६,३८४ होतात. त्यातल्या एका वाटेवर मी पोचलो होतो आणि कुठली वाट घ्यायची हे राखीव काळानेच सांगितलं होतं. म्हणून मोजताना ‘मी चौदाच वेळा बघितलं’ हा दिलासासुद्धा पुरता खरा नाही. आणि हे नुसत्या हो-नाहीचं झालं. मी तर नफ्याचा आलेख पडद्यावर ठेवून बसलो होतो. कुठल्या महिन्यात खड्डा पडला हे दिसलं की माणसाचा मेंदू आपोआप त्या खड्ड्यावर फळी टाकायला लागतो.

डोकावण्याचे काही प्रकार डोकावणं वाटतच नाहीत. नियम न चालवता राखीव काळाचा नुसता भावाचा आलेख बघणं, हे एक. दुसऱ्या कुणी त्याच काळावर केलेल्या तपासणीचा निकाल ऐकणं, हे दुसरं: मेव्हण्याने ‘आमच्यातल्या एकाचं पन्नासवालं त्या साली चाललं’ म्हटलं की तेही उघडणंच. आणि चूक दुरुस्त करणं हे तिसरं, सगळ्यात फसवं. खर्च दोनदा वजा होत होता ती चूक खरी होती. पण मी ती निकाल वाईट आला म्हणून शोधली. निकाल चांगला आला असता तर फायद्याच्या बाजूची चूक मी शोधली असती का? नाही. म्हणून चुका शोधायच्या त्या सगळ्या शिकण्याच्या फाइलवर, उघडण्याआधी. तिथले दहावीस सौदे हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघा. त्यात करारबदलाचे दिवस मुद्दाम घ्या, घोळ बहुतेक तिथेच असतो. उघडल्यानंतर खरी चूक सापडलीच तर दुरुस्त करा, पण वहीत ते दुसरं उघडणं म्हणून लिहा.

उघडलंच असेल तर

आधी वही काढा. कधी उघडलं, काय बदलून उघडलं, आकडा काय आला, आठवेल तेवढं. आठवणीतला आकडा नेहमी कमी भरतो. मी सातआठ म्हणत होतो, संगणकावरच्या जुन्या फाइलींच्या तारखा बघितल्यावर चौदा निघाले.

मग मिळालेला आकडा नशिबाच्या आकड्याशी ताडून बघा. वरच्या प्रोग्रॅममध्ये तुमची वर्षं आणि तुमच्या वेळा घाला, येईल तो आकडा म्हणजे उंबरठा. मिळालेला शार्प त्याच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर हातात काही नाही. बराच वर असेल तर विचार करायला जागा आहे, त्याहून जास्त काही म्हणता येत नाही, कारण हो-नाहीच्या वाटांचा हिशेब यात आलेला नाही.

त्यानंतर तो राखीव काळ शिकण्याच्या काळात मिसळून टाका. तो आता राखीव नाही, तसं म्हणत राहिल्याने होणारही नाही. काही जण म्हणतात, रेघ हलवू, २०१८ ते २०१९ राखीव करू आणि बाकीच्यावर शिकू. पण त्या दोन वर्षांवर आपण आधीच नियम घासलेला असतो. जुना काळ परत कोरा होत नाही. दुसऱ्या मालाचा विचार करता येतो, उदाहरणार्थ तोच नियम धण्यावर किंवा जिऱ्यावर न बदलता चालवणं. ती साक्ष खरी, पण अर्धवट, कारण त्यांचं पीक, आवक आणि भावाचा स्वभाव वेगळा. तिथे नापास झाला तर हळदीतही नापासच असं म्हणता येत नाही, पास झाला तर थोडं बळ मिळतं.

पक्का मार्ग एकच उरतो: पुढचा काळ. तो अजून घडलेला नसतो, त्यामुळे कुणालाच त्यात डोकावता येत नाही.

माझ्या चौदाव्या आवृत्तीला पुढचा काळ लगेच मिळाला आणि तो २०२३ होता. नियमाने भरपूर नफा दाखवला. मेव्हणा म्हणाला, “बघा, म्हटलं नव्हतं?” मी धरून-बसण्याचा हिशेब शेजारी मांडला. जानेवारीत एक करार घेऊन, महिना बदलेल तसा पुढे सरकवत नुसता बसलेला माणूस माझ्या नियमापेक्षा जास्त कमावून गेला होता. ज्या वर्षी सगळेच खरेदीवाले जिंकतात त्या वर्षाने खरेदीच्या नियमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून जानेवारी २०२४ ला पुन्हा पहिल्यापासून बसलो. २०२३ पर्यंतचं सगळं शिकण्यात. पन्नास दिवसांचा साधा नियम, दोन्ही बाजूंचा, महिने न वगळता. नियमाची फाइल, तिचा ठसा, खर्च आणि पासची रेघ असा एक कागद आत्याकडे बंद पाकिटात. तुलना धरून-बसण्याशी. मुदत तीन पिकं: २०२४, २०२५, २०२६. उघडायची तारीख पाकिटावर लिहिली आहे, जानेवारी २०२७, खाली आत्याची सही.

या तीन वर्षांत यार्डातले भाव माझ्या कानावर रोज पडतात. त्याने बिघडत नाही. नियम गोठलेला आहे, तो बदलायला माझ्या हातात काही नाही, त्यामुळे भाव कळणं म्हणजे डोकावणं नव्हे. नियमाचा नफातोटा मात्र मी मधे काढत नाही, कारण एकदा तो दिसला की पाकीट परत मागायला मी हरिपूरला जाईन हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी गेलोही होतो, खर्चाचा एक आकडा नीट लिहिला होता ना एवढंच बघायला. आत्याने कपाट उघडलं नाही. म्हणाली, “तुझ्या प्रतीत बघ.” माझ्याकडे प्रत नव्हती. तेव्हापासून पाकिटातल्या कागदाची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवायची, हेही रीतीत घाला.